जुन्या कॅप्शन नमुना म्हणून पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इतरांच्या इन्स्टाग्राम पोस्टसाठी कॅप्शन लिहून देते. काम घेताना प्रत्येकाकडून त्यांच्या स्वतःच्या काही जुन्या कॅप्शन मागते आणि प्रत्येक पोस्टसाठी तीन-चार पर्याय देते. नमुन्यांबद्दलचे प्रश्न जवळपास सगळ्यांचे सारखेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. तुमच्यासाठी लिहिणारी व्यक्ती मी नसून दुसरी कुणी असली, अगदी घरातलीच, तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

1. नमुने कशाला? "साधी, आपुलकीची, थोडी मिश्कील भाषा हवी" एवढं सांगितलं तर पुरत नाही का?

पुरत नाही, कारण हे तीन शब्द मला जवळजवळ प्रत्येकाकडून येतात. मिश्कील म्हणजे कुणाला शब्दांवरची कोटी अभिप्रेत असते, कुणाला स्वतःवरच केलेला विनोद, तर कुणाला वाक्याच्या शेवटी ठेवलेला डोळा मारणारा चेहरा. तुमच्या डोक्यातलं "साधं" आणि माझ्या डोक्यातलं "साधं" एकच आहे की नाही, हे पहिले पर्याय तुमच्या हातात पडेपर्यंत दोघांनाही कळत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता, "छान आहे, पण मी असं बोलत नाही." त्यावर मी विचारते, मग कसं बोलता? याचं उत्तर वर्णनात देणं अवघड आणि जुन्या कॅप्शन दाखवणं सोपं. वर्णन लिहायला जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्यात नमुने गोळा होतात.

2. किती पाठवू?

पाच ते आठ. दोन-तीन असल्या की त्यातला योगायोग कोणता आणि सवय कोणती हे ओळखता येत नाही. तीनपैकी दोन कॅप्शन प्रश्नाने संपत असतील, तर तुम्हाला प्रश्न विचारायची सवय आहे की त्या दोन पोस्टनाच प्रश्नाची गरज होती? पाच-सहा समोर असल्या की उत्तर बहुधा दिसतं. वीस-तीस पाठवण्यात नुकसान नाही, पण मग त्यातल्या कोणत्या तुम्हाला स्वतःच्या वाटतात हे मीच ठरवायला लागते, आणि ते मी ठरवू नये.

संख्येपेक्षा प्रकार महत्त्वाचा. सहाही कॅप्शन नव्या वस्तूच्या घोषणेच्या असतील, तर तुम्ही घोषणा कशी करता एवढंच मला कळेल. एक घोषणा, एक गमतीची, एक काहीतरी बिघडल्याची, एक कोरडी सूचना, एक अशीच सहज टाकलेली, अशी सरमिसळ करा. कोरडी सूचना लोक हमखास गाळतात. "त्यात काय आहे, ती तर नुसती माहिती होती." पण नुसती माहिती देतानाही माणूस स्वतःसारखंच बोलतो. तिथे सजावट नसल्यामुळे उलट ते जास्त स्पष्ट दिसतं.

3. सगळ्यात जास्त लाइक मिळालेल्या निवडू का?

नका. लाइक फोटोला असतात, वेळेला असतात, कुणीतरी मोठ्या अकाउंटवरून ती पोस्ट पुढे पाठवली त्याला असतात. शिवाय सर्वाधिक चाललेली कॅप्शन बहुतेक वेळा अपवाद असते. त्या दिवशी तुम्ही नेहमीपेक्षा भावुक होऊन लिहिलेलं असतं किंवा तेव्हा सगळेच वापरत असलेली एखादी ओळ उचललेली असते. तीच नमुना म्हणून दिली, तर पुढच्या साध्या पोस्टही त्याच चढ्या सुरात येतील आणि दोन आठवड्यांत तुम्हालाच नकोशा होतील.

निवडीची माझी कसोटी सोपी आहे. जुन्या कॅप्शन वाचत जा आणि जिथे "हो, हे मीच लिहिणार" असं वाटेल तिथे थांबा. जिथे "वा, चांगलं लिहिलं होतं" वाटेल, त्या सोडून द्या.

4. फक्त मजकूर पुरे, की फोटोही हवेत?

फोटो प्रत्येक वेळी नको, पण फोटोत काय होतं याची एक ओळ हवीच. कॅप्शन एकटी कधीच नसते. "हा गेला." एवढीच कॅप्शन असेल, तर फोटोत भंगलेलं भांडं आहे की निरोपाला हात हलवणारा मित्र, यावर तिचा अर्थ बदलतो. फोटोत जे दिसतंय ते तुम्ही कॅप्शनमध्ये पुन्हा सांगता, की फोटोला बोलू देता आणि मजकुरात वेगळंच काही सांगता, ही तुमच्या शैलीतली मोठी गोष्ट आहे. ती फोटोशिवाय कळत नाही.

प्रत्येक कॅप्शनच्या वर कंसात लिहा: (फोटो: अमुक), (व्हिडिओ: तमुक). बस.

5. इन्स्टाग्रामवरून कॅप्शन कॉपीच होत नाही. स्क्रीनशॉट चालतील?

चालतील, पण मजकूर मिळाला तर बरं. स्क्रीनशॉटवरून टाइप करताना माझ्या हातून नकळत दुरुस्त्या होतात, आणि लांब कॅप्शन `more` च्या मागे अर्धी राहून जाते.

अ‍ॅपमध्ये कॅप्शनवर बोट दाबून धरलं तरी ती निवडता येत नाही, हे खरं. सोपी वाट अशी: स्वतःच्या पोस्टवरच्या तीन टिंबांवर जा, `Edit` उघडा, तिथे मजकूर निवडून कॉपी करा आणि काहीही न बदलता बाहेर पडा. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडलं, तर माउसने थेट निवडता येतं. कॉपी केल्यावर ओळी जिथे तोडल्या होत्या तिथेच तुटल्यात ना, एवढं पाहा. एका पाठोपाठ चिकटलेल्या ओळी आणि मधे मोकळी जागा सोडलेल्या ओळी वाचताना फार वेगळ्या वाटतात.

काहीजण अकाउंटची सगळी माहिती एकदम उतरवून घेतात आणि फाइल पाठवतात. तसं करणार असाल, तर फाइलचा प्रकार विचारला जाईल तेव्हा `HTML` निवडा. `JSON` निवडलं की मराठी अक्षरांच्या जागी हे असलं काहीतरी दिसतं:

```
"\u00e0\u00a4\u00ae\u00e0\u00a4\u0097"
```

हा "मग" हा दोन अक्षरी शब्द आहे. मजकूर हरवलेला नसतो, पण एकेका अक्षराचे तुकडे करून साठवलेले असतात. ते पुन्हा जुळवायला एखादा जाणकार शोधावा लागतो. `HTML` मध्ये तेच सरळ देवनागरीत वाचता येतं.

6. शुद्धलेखनाच्या चुका सुधारून पाठवू का?

अजिबात नको. निदान माझ्यासाठी नको. "आवडलंय" लिहिता की "आवडले आहे", "करतीये" की "करते आहे", पूर्णविराम देता की ओळ तशीच सोडता, हे सगळं मला हवं असतं. लोक नमुने पाठवण्याआधी इस्त्री फिरवतात, त्यात नेमकं हेच सपाट होतं. मग पर्याय पुस्तकी आले की आश्चर्य वाटतं.

एखादी चूक खरंच चूक असेल आणि पुढे नको असेल, तर नमुना तसाच ठेवून बाजूला लिहा: "इथे र्‍हस्व-दीर्घ चुकलंय, पुढे बरोबर हवं." म्हणजे सवय कोणती आणि चूक कोणती, हे मला अंदाजाने ठरवावं लागत नाही.

7. पाच कॅप्शनमधून तुम्हाला असं काय कळतं? मला तर त्या अगदी सामान्य वाटतात.

एक उदाहरण पूर्णच घेते. मातीची भांडी घडवणाऱ्या एका बाईंचं अकाउंट समजा. त्यांनी या पाच पाठवल्या:

(फोटो: भट्टीतून काढलेला, तडा गेलेला वाडगा)
हा गेला. तडा बुडाशी आहे, म्हणजे वाळवताना घाई झाली. पुढचा हळू वाळवते.

(फोटो: सहा नवे मग)
सहा मग. कान सगळ्यांचे एकसारखे नाहीत आणि मला ते आवडलंय. हवा असेल तर मेसेज करा.

(व्हिडिओ: चाकावर मातीचा गोळा)
माती मध्यावर आणायला मला अजून वेळ लागतो. तेवढा भाग व्हिडिओतून कापलाय, खरं सांगते.

(फोटो: ग्लेझचे दोन तुकडे शेजारी शेजारी)
डावीकडचा रंग ठरवून आलाय. उजवीकडचा आपोआप. विकला जाणार उजवीकडचाच.

(फोटो नाही, नुसती सूचना)
या आठवड्यात भट्टी बंद. ऑर्डर पुढे सरकतील. ज्यांच्या सरकतील त्यांना वेगळं कळवते.

आता यात काय काय दिसतं ते पाहा. पहिलं वाक्य बहुतेक वेळा फोटोतली वस्तू जशी आहे तशी सांगतं, आणि ते फार लहान असतं. विशेषणं जवळपास नाहीतच: सुंदर, खास, अनोखं यातला एकही शब्द पाच कॅप्शनमध्ये आलेला नाही. बिघडलेल्या गोष्टीचं कारण सांगितलंय, पण दुःख सांगितलेलं नाही. विनोद शेवटच्या वाक्यात येतो, कोरडा असतो, आणि बाई स्वतःवर किंवा गिऱ्हाइकाच्या आवडीवर हसतात. उपमा एकही नाही. वाचणाऱ्याशी थेट बोलणं फक्त कामापुरतं: मेसेज करा, कळवते. प्रश्न नाही, उद्गारचिन्ह नाही, इमोजी नाही.

या यादीतल्या निम्म्या गोष्टी "नाही"च्या आहेत, हे लक्षात घ्या. आपण काय लिहितो हे माणूस सांगू शकतो. काय लिहीत नाही हे त्याला स्वतःला सहसा ठाऊकच नसतं, कारण जे लिहिलंच नाही ते आठवणार कुठून? त्यासाठीच नमुने लागतात.

मग नवी पोस्ट आली. बाईंनी कळवलं: फोटोत बरणी आहे, तिला पहिल्यांदाच झाकण नीट बसलंय, आधीची चार झाकणं बसली नव्हती, या वेळी बरणी आणि झाकण एकत्र भाजलं. त्यावरचे तीन पर्याय:

अ. झाकण बसलं. हे पाचवं आहे. आधीची चार कुठल्याच बरणीला बसत नाहीत.

आ. बरणी आणि झाकण एकत्र भाजलं की जमतं. वेगवेगळं भाजलं की भांडतात.

इ. बरणी, झाकणासकट. हवी असेल तर मेसेज करा.

अ आणि इ त्यांच्या वाटतात. आ मध्ये माहिती बरोबर आहे, लयही जवळपास तीच आहे, पण "भांडतात" हा शब्द बाहेरचा आहे. बाई वस्तूंना माणसासारखं वागवत नाहीत. त्यांच्या लेखी तडा म्हणजे तडा. तिथे "बसत नाही" लिहिलं की ओळ त्यांची होते. एका शब्दाचा फरक आहे, पण खटका तिथेच लागतो.

8. नमुने दिले, तरी पर्याय माझी नक्कल केल्यासारखे का वाटतात?

कारण लिहिणाऱ्याने तुमची लकब उचलली आणि रचना सोडली. वरच्याच बाईंच्या नमुन्यांवरून बनवलेली ही वाईट कॅप्शन पाहा:

ही बरणी. झाकण बसलं आणि मला ते आवडलंय. खरं सांगते.

यातले शब्द जवळजवळ सगळे त्यांचेच आहेत आणि तरी ही थट्टा वाटते. "खरं सांगते" त्या एकदाच म्हणाल्या होत्या, तेही काहीतरी लपवल्याची कबुली देताना. इथे कबुली देण्यासारखं काही नाही, त्यामुळे ते शब्द नुसते डकवलेले दिसतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला नमुन्यांमध्येच: एखादा शब्दप्रयोग दोन कॅप्शनमध्ये येत असेल, तर त्यातली एकच ठेवा. तोच प्रयोग दोन-तीनदा दिसला की लिहिणारी व्यक्ती त्यालाच तुमची ओळख समजून प्रत्येक पर्यायात घालते. दुसरा उपाय नमुन्यांखाली एक वाक्य लिहिण्याचा: "यातले शब्द जसेच्या तसे नको, वाक्यांची लांबी आणि शेवट करायची पद्धत घ्या." कुठली गोष्ट घ्यायची आणि कुठली नाही, हे सांगितलं की नमुना नीट कामाला येतो.

आणखी एक कारण असतं, ते म्हणजे नव्या पोस्टबद्दल पुरेशी माहिती न देणं. नमुन्यातून आवाज मिळतो, मजकूर मिळत नाही. "बरणीचा फोटो आहे, काहीतरी लिहा" असं सांगितलं, तर सांगण्यासारखं काही नसल्यामुळे नमुन्यातलीच वाक्यं फिरवून येणार. वरच्या अ पर्यायातली चार न बसलेली झाकणं मला कल्पनेने सुचली नसती, आणि सुचली असती तरी लिहिता आली नसती, कारण ते खोटं ठरलं असतं. प्रत्येक पोस्टसाठी दोन-तीन खऱ्या गोष्टी सांगा: काय झालं, या वेळी वेगळं काय होतं, वाचणाऱ्याने काय करावं.

9. इमोजी आणि हॅशटॅग नमुन्यात ठेवू की काढू?

इमोजी ठेवा, जिथे होते तिथेच. हॅशटॅग काढा. ते शोधात सापडण्यासाठी असतात, तुमच्या बोलण्याचा भाग नसतात. हॅशटॅग वाक्याच्या आतच गुंफायची तुमची पद्धत असेल, तर मात्र तेही राहू द्या.

10. मी मराठी-इंग्रजी मिसळून लिहिते, कधी कधी मराठीच रोमन अक्षरांत. नमुने कोणते देऊ?

मिसळ असेल तर मिसळीचेच द्या, वेगळे काढून स्वच्छ केलेले नको. कुठे भाषा बदलते यालाही एक पद्धत असते. काहीजणांचं वाक्य मराठी आणि नुसत्या वस्तू इंग्रजीत, काहीजण भावनेचं वाक्य इंग्रजीत आणि टोमणा मराठीत लिहितात. तुम्ही कुठे वळता ते नमुन्यातून आपोआप दिसतं. "साधारण निम्मं-निम्मं ठेवा" म्हटलं, तर लिहिणारा कुठेही वळेल आणि ते कानाला लगेच खटकेल.

रोमन अक्षरांतल्या मराठीचं एक वेगळं आहे. तिला ठरलेलं शुद्धलेखन नाही. "आहे" कुणी `ahe` लिहितं, कुणी `aahe`, कुणी नुसतं `ae`. तुमचं कोणतं ते नमुन्यात दिसायला हवं, म्हणून या प्रकारात पाचपेक्षा आठ नमुने बरे. देवनागरीतले नमुने देऊन पर्याय रोमनमध्ये मागितले, तर स्पेलिंग माझं येईल आणि वाचणाऱ्यांना ते तुमचं वाटणार नाही.

11. अकाउंट आम्ही दोघं चालवतो. नमुने कुणाचे द्यायचे?

आधी ठरवा, पोस्ट कुणाच्या तोंडून येतात. दोघांच्या कॅप्शन एकत्र करून पाठवल्या, तर पर्याय दोघांच्या मधले कुणीतरी तिसरेच लिहिल्यासारखे येतात. मराठीत तर हे लपतही नाही: एका कॅप्शनमध्ये "करतो", दुसरीत "करते", तिसरीत "करतोय आम्ही". दोन स्वतंत्र संच करा, प्रत्येकावर नाव घाला, आणि पोस्ट पाठवताना कोण बोलतंय ते सांगा. "आम्ही" असा एकच आवाज हवा असेल, तर ज्या कॅप्शनमध्ये "आम्ही" आहे तेवढ्याच नमुने म्हणून द्या. नसतील, तर निदान दोन-तीन आधी स्वतः लिहून पाहा.

12. माझी शैली गेल्या वर्षभरात बदललीय. जुन्या कॅप्शन द्यायच्या का?

आज आवडतात त्याच द्या, संख्या कमी भरली तरी चालेल. नव्या तीनच असतील, तर त्या तीन आणि सोबत जुनी एक "आता असं नको" असा शेरा मारून. तारखा लिहिलेल्या बऱ्या, पण शेरा नसेल तर नुसत्या तारखांवरून कोणता आवाज हवाय ते कळत नाही.

13. मी आजवर कॅप्शन लिहिल्याच नाहीत. मग?

तुम्ही कुठेतरी लिहिलेलं असतंच. ओळखीच्या माणसाला वस्तूबद्दल सांगणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कमेंटला दिलेलं उत्तर, गिऱ्हाइकाला उशीर होईल हे कळवताना लिहिलेल्या चार ओळी. हे चालतं. खरं तर पहिलीच कॅप्शन लिहायला बसलेल्या माणसापेक्षा मेसेज लिहिणारा माणूस जास्त मोकळा असतो. एवढंच सांगा की हे मेसेज आहेत, कारण मेसेजमधलं "अगं" आणि "ऐक ना" कॅप्शनमध्ये हवं की नको हे तुम्हीच ठरवायचं.

मेसेज द्यायचं ठरवलं, तर प्रश्न 16 आधी वाचा.

14. न आवडलेले पर्याय परत पाठवून काही उपयोग होतो का?

नमुन्यांइतकाच होतो, कधी जास्तच. पण "हा नको" एवढ्याने नाही. न आवडलेल्या पर्यायाखाली तुम्ही तोच मजकूर कसा लिहिला असता ते लिहा. वरच्या उदाहरणात बाईंनी "भांडतात"च्या जागी "बसत नाही" केलं असतं, तर त्या एका बदलातून उपमा नको, वस्तूंना माणसासारखं वागवायचं नाही, हे कळलं असतं. अशा आधीच्या-नंतरच्या दोन जोड्या नमुन्यांच्या संचात कायमच्या ठेवा.

पर्याय चांगला आहे पण तुमचा वाटत नाही, असं झालं तर कारण शोधत बसू नका. मोठ्याने वाचा आणि जीभ जिथे अडखळते तो शब्द अधोरेखित करून पाठवा. कारण शोधणं माझं काम.

15. माफी मागायची आहे किंवा वाईट बातमी द्यायची आहे. नेहमीचे नमुने चालतील?

इथे सांभाळून. नमुने सगळे हलक्याफुलक्या पोस्टचे असतील, तर त्यांच्या साच्यातून माफीही हलकीफुलकी येईल. शेवटच्या वाक्यातला कोरडा विनोद नेहमी छान लागतो, पण कुणाची वस्तू फुटून पोचली असेल तेव्हा तो उद्धट वाटतो. अशा पोस्टसाठी मी नेहमीच्या संचातली कोरडी सूचनाच तेवढी घेते (म्हणूनच प्रश्न 2 मध्ये ती आग्रहाने मागितली होती) आणि बाकीच्या बाजूला ठेवते. त्यातली वाक्यांची लांबी आणि सरळपणा तुमचा असतो, गंमत नसते. पूर्वी कधी गंभीर काही लिहिलं असेल, तर ते सगळ्यात उत्तम.

पहिला मसुदा शक्यतो तुम्हीच लिहा, कसाही. माफीचे चार पर्याय वाचून त्यातला एक निवडायचा, हे मला स्वतःला फारसं पटत नाही.

16. नमुन्यांमध्ये दुसऱ्यांची नावं किंवा दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी असतील तर?

नावं, फोन नंबर, ऑर्डरचे तपशील पाठवण्याआधी काढा आणि जागी "गिऱ्हाईक", "मैत्रीण" असं काही लिहा. वाक्याची ठेवण बदलत नाही. मेसेज नमुना म्हणून देत असाल, तर समोरच्याची उत्तरं पूर्ण काढा. ती त्यांची आहेत, आणि तुमचा आवाज शोधायला त्यांचा उपयोगही नाही.

कुणाच्या कवितेची ओळ, गाण्याची ओळ किंवा दुसऱ्या अकाउंटवरून घेतलेला मजकूर असलेली कॅप्शन नमुना म्हणून नको. लिहिणाऱ्याला ती तुमची वाटते, तो तिच्याच वळणाने लिहितो, आणि पर्याय भलत्याच माणसासारखे येतात. दुसऱ्या कुणाची शैली आवडते म्हणून त्यांच्या कॅप्शन "मला असं हवंय" म्हणून पाठवणारेही असतात. त्या पाठवू नका असं नाही, पण वेगळ्या पाठवा, आणि त्यात नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात लिहा. स्वतःच्या नमुन्यांत मिसळल्या, तर ना तुमचं उरतं ना त्यांचं.

17. पर्याय खरंच माझ्यासारखा झालाय का, हे कसं तपासू?

नमुन्यांत नसलेल्या तुमच्या दोन जुन्या कॅप्शन आणि एक नवा पर्याय अशा तीन, क्रम बदलून तुम्हाला रोज ऐकणाऱ्या कुणाला तरी दाखवा आणि यातली कोणती तुम्ही लिहिली नाही ते विचारा. पटकन बोट ठेवलं, तर का ते विचारा. मिळालेलं उत्तर मला जसंच्या तसं पाठवा. चुकीच्या कॅप्शनवर बोट ठेवलं, तर काम झालं. फक्त दाखवताना फोटो काढून टाका, नाहीतर नवी वस्तू पाहूनच ओळखतील.

18. नमुन्यांचा संच किती दिवसांनी बदलायचा?

ठरावीक मुदत नाही. आधीच्या पर्यायांमधून तुम्ही जशाच्या तशा टाकलेल्या कॅप्शन मात्र संचात घालू नका. त्या माझ्या आहेत; तुमच्या नमुन्यांवरून बनवलेल्या असल्या तरी. त्यांच्यावरून पुढचे, त्यांच्यावरून त्याच्या पुढचे असं चालू राहिलं, तर काही महिन्यांत मी माझीच नक्कल करत बसेन. तुम्ही हात फिरवून बदललेल्या असतील तर घाला, आणि अधूनमधून एखादी कॅप्शन कुणाचीही मदत न घेता स्वतः लिहून संचात टाकत जा.